‘दहा लाखांच्या खाली आहे ना, मग सोडा’ असं मॅनेजर म्हणतात

‘सर, नमस्कार. मी एका नागरी सहकारी बँकेच्या तालुक्याच्या शाखेत पासिंग ऑफिसर आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्याकडे ‘बांधकाम साहित्य पुरवठा’ या व्यवसायाचं एक चालू खातं उघडलं. अर्जात महिन्याची उलाढाल दीड ते दोन लाख लिहिली आहे. मेपासून त्यात सतत रोख भरणा येतो. जूनमध्ये २३ भरणे झाले, एकूण ११ लाख ७ हजार ५००. प्रत्येक भरणा ४७ हजार ते साडेएकोणपन्नास हजारांच्या मधला. भरायला येणारी मुलं वेगवेगळी, आणि चार वेळा तर एकाच दिवशी दोन स्लिपा. दोन-सव्वादोन लाख जमले की परराज्यातल्या दोन फर्मना आरटीजीएस होतं. मॅनेजर म्हणतात, “दहा लाखांच्या वर एकही भरणा नाही, केवायसी पूर्ण आहे, पार्टी एका संचालकांच्या ओळखीतली आहे. तुम्ही कशाला लक्ष घालता?” मी खातेदाराला बोलावून विचारू का? उद्या काही निघालं तर माझ्यावर येईल का? – एक वाचक, पश्चिम महाराष्ट्र’

नमस्कार. आधी काय करायचं ते सांगतो, कारणं मग. खातेदाराला बोलावू नका. तुम्हाला जे दिसलं ते कागदावर उतरवा आणि मुख्य कार्यालयातल्या प्रिन्सिपल ऑफिसरकडे, म्हणजे असे व्यवहार सरकारला कळवण्याची जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याकडे, लेखी पाठवा, शक्यतो याच आठवड्यात. हा पैसा काळा आहे की नाही हे तुम्ही सिद्ध करायचं नाही. शाखेचं काम एवढंच, की जे नेहमीसारखं दिसत नाही ते वर कळवायचं. मी स्वतः एका सहकारी बँकेत काही वर्षं प्रिन्सिपल ऑफिसरच्या खुर्चीत बसलो आहे. शाखेतून अशी टिपणं फार कमी यायची, आणि आली की त्यातूनच खरी माहिती मिळायची.

आता तुमच्या मॅनेजरसाहेबांचा दहा लाखांचा मुद्दा घेऊ. हा गैरसमज इतका पसरलेला आहे की त्यावर जरा थांबायला हवं. काळा पैसा प्रतिबंधक कायदा, म्हणजे पीएमएलए, २००२चा आहे आणि १ जुलै २००५ पासून लागू झाला. त्याखालच्या नियमांनुसार बँकेने दिल्लीच्या एफआययू-इंडला, म्हणजे अर्थ मंत्रालयाच्या वित्तीय गुप्तवार्ता कक्षाला, काही प्रकारचे अहवाल पाठवायचे असतात. त्यातला एक सीटीआर, रोख व्यवहारांचा अहवाल. दहा लाखांवरचा प्रत्येक रोख व्यवहार त्यात जातो. पण नियम तिथे संपत नाही. एकमेकांशी जोडलेले छोटे रोख व्यवहार एका महिन्यात मिळून दहा लाखांच्या वर गेले, तर तेही सीटीआरमध्ये येतात. भरण्याची आणि काढण्याची बेरीज वेगवेगळी करायची. तुमच्या खात्यात जूनमध्ये ११ लाख ७ हजार ५०० रुपये रोख आले. म्हणजे रेषा ओलांडलेली आहे, आणि हे खातं पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मुख्य कार्यालयाकडून अहवालात जायला हवं. बहुतेक बँकांत सीबीएस, म्हणजे सगळ्या शाखांना जोडणारी संगणक प्रणाली, ही बेरीज आपोआप काढतं, त्यामुळे शाखेला त्याचा पत्ताही नसतो. तुमच्या इथेही ते गेलं असेल. मुख्य कार्यालयात एक फोन करून तेवढं विचारून घ्या.

मात्र सीटीआर गेला म्हणून काम झालं असं समजू नका. सीटीआर भरताना पन्नास हजारांखालच्या एकेका व्यवहाराचा तपशील देण्याची सक्ती नसते. तुमच्या खात्यातले २३ च्या २३ भरणे त्या रेषेखालचे आहेत. त्यामुळे दिल्लीत फार तर महिन्याची बेरीज पोचेल. रोज एकाच आकड्याच्या आसपास भरणा, वेगवेगळी मुलं, एका दिवशी दोन स्लिपा, लगेच बाहेर जाणारा पैसा, हे चित्र त्या अहवालात उमटणारच नाही. रोख भरण्याला पॅन लागण्याची पन्नास हजारांची मर्यादा लोकांच्या डोक्यात इतकी पक्की बसलेली आहे, की चालू खात्याला पॅन आधीच जोडलेलं असतानाही भरणारा माणूस सवयीने त्याखाली राहतो. रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत याचा सरळ उल्लेख आहे. ग्राहक मुद्दाम रकमेचे तुकडे करून पन्नास हजारांखाली ठेवतोय असं बँकेला वाटलं, तर त्याची ओळख आणि व्यवहार नीट तपासणं बँकेवर बंधनकारक आहे.

हे चित्र ज्या अहवालात येतं तो एसटीआर, संशयास्पद व्यवहाराचा अहवाल. त्याला रकमेची खालची मर्यादा नाही. व्यवहार रोखीचाच हवा अशी अटही नाही. नियमाची भाषा साध्या मराठीत सांगायची तर, प्रामाणिकपणे काम करणाऱ्या माणसाला ज्या व्यवहारात गुन्ह्याच्या पैशाची रास्त शंका येते, किंवा जो विनाकारण गुंतागुंतीचा वाटतो, किंवा ज्यामागे कुठलाही आर्थिक हेतू दिसत नाही, तो व्यवहार संशयास्पद. पूर्ण न झालेला प्रयत्नसुद्धा त्यात धरतात. उद्या भरायला आलेल्या मुलाला कॅशियरने नाव विचारलं आणि तो पैसे उचलून निघून गेला, तर तेही लिहून ठेवा.

‘केवायसी पूर्ण आहे’ याबद्दल. आधार, पॅन, फोटो आणि सही एवढ्यावर केवायसी पूर्ण झालं, असं शाखांमध्ये सर्रास म्हटलं जातं. कागद हा त्यातला पहिला भाग. खातेदार जो धंदा सांगतो त्याच्याशी खात्याची चाल जुळते का, हे बघत राहणं हा दुसरा भाग, आणि तो खातं बंद होईपर्यंत चालतो. तुमच्याकडे अर्जात महिन्याला दीड-दोन लाख लिहिलेत आणि जूनमध्ये अकरा लाख आले. एकट्या या फरकावर खात्याची जोखीम श्रेणी पुन्हा तपासायला हवी. श्रेणीचा आढावा निदान सहा महिन्यांतून एकदा घ्यायचाच असतो. रिझर्व्ह बँक सहकारी बँकांना दंड करते तेव्हा हा आढावा न घेणं हे कारण प्रसिद्धिपत्रकांत वारंवार दिसतं. ऑक्टोबरचं खातं म्हणजे तुमच्याकडे एक आढावा होऊन गेलेला असायला हवा. झाला का, आणि त्यात काय लिहिलं, ते बघा.

फाईल काढलीच आहे तर आणखी एक गोष्ट तपासा. एकल मालकीच्या व्यवसायाला धंद्याच्या पुराव्याचे दोन कागद लागतात: जीएसटी नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, दुकान परवाना अशांपैकी. दोन मिळणं शक्यच नसेल तर एकावर चालतं, पण मग जागेवर जाऊन खात्री करावी लागते आणि तशी नोंद फाईलमध्ये ठेवावी लागते. एकच कागद आणि भेटीची नोंद नाही, असं निघालं तर ती शाखेची स्वतःची चूक आहे. ती टिपणात लपवू नका.

आता उलट बाजूनेही बघू, कारण निरपराध माणसाच्या खात्यावर उगाच शिक्का बसू नये. बांधकाम साहित्याच्या धंद्यात रोख चालते. वाळू, खडी, विटा घेणारे छोटे ठेकेदार हातात पैसे देतात. ट्रकवरची मुलं संध्याकाळी वसुली आणतात आणि दुसऱ्या दिवशी बँकेत भरतात. म्हणून वेगवेगळी मुलं येतात, एवढ्यात काही वावगं नाही. पण खऱ्या वसुलीचे आकडे विखुरलेले असतात. एक दिवस १२,३००, दुसऱ्या दिवशी ८६,०००, मग तीन दिवस काहीच नाही. जूनमध्ये पाऊस लागला की कामं मंदावतात आणि भरणा खाली येतो. शिवाय खऱ्या धंद्याच्या खात्यातून खर्च जातो: डिझेल, गाडीचं भाडं, मजुरी, वीजबिल, जीएसटी. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. उताऱ्यात खरोखरच काही नसेल, तर मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे. पैसा येतो आणि जसाच्या तसा पुढे जातो. वाटेत धंदा कुठेच दिसत नाही. जून महिन्यातले आरटीजीएस मोजा. मी तुमच्या आकड्यांवरून अंदाज बांधतो की पाच असतील आणि बेरीज भरण्याच्या अगदी जवळ जाईल. महिनाअखेरीला शिल्लक काही हजार उरत असेल, तर हे खातं पैशाची फक्त वाट झालेलं आहे. खातेदार तरुण असेल आणि त्याच्या बोलण्यात धंद्याचं काहीच नसेल, तर खाते त्याच्या नावावर आणि पैसा दुसऱ्याचा, ही शक्यताही टिपणात मांडा.

टिपण कसं लिहायचं? ‘सदर खातेदार मनी लाँडरिंग करत असल्याचा दाट संशय आहे, तरी योग्य ती कारवाई व्हावी,’ अशी टिपणं मी पाहिलेली आहेत. त्यांचा काही उपयोग होत नाही. प्रिन्सिपल ऑफिसरला तुमचं मत पुरत नाही, त्याला तुम्ही काय पाहिलं ते हवं असतं. पुढचा मजकूर नमुना म्हणून घ्या आणि आकडे उताऱ्यावरून तपासून आपले घाला.

‘चालू खाते ऑक्टोबरमध्ये उघडले. अर्जातील अपेक्षित उलाढाल दरमहा दीड ते दोन लाख. जून महिन्यात २३ रोख भरणे, एकूण ११,०७,५००. प्रत्येक भरणा ४७,००० ते ४९,५०० दरम्यान. चार दिवशी एकाच दिवशी दोन भरणे. भरणाऱ्या व्यक्ती वेगवेगळ्या. त्याच महिन्यात पाच आरटीजीएस, एकूण ११,०२,०००, परराज्यातील त्याच दोन फर्मना. खात्यातून भाडे, मजुरी, इंधन, वीजबिल किंवा कर भरल्याची नोंद नाही. घोषित व्यवसाय आणि उलाढाल यांच्याशी व्यवहार जुळत नाहीत. भरण्याची रक्कम हेतुपुरस्सर पन्नास हजारांखाली ठेवली जात असावी असे वाटते. निर्णयासाठी सादर.’

एवढं पुरे. सोबत खातं उघडण्याचा अर्ज, तीन महिन्यांचा उतारा आणि भरणा स्लिपांच्या प्रती जोडा. स्लिपच्या मागे भरणाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर घेण्याची पद्धत तुमच्याकडे असेल तर ते फार मोलाचं आहे. नसेल तर यापुढे सगळ्याच खात्यांना सुरू करा, एकाच खात्याला नको. काउंटरच्या सीसीटीव्हीचं चित्रण ठरावीक दिवसांनी पुसलं जातं. त्या चार दिवसांचं चित्रण जपून ठेवायला हवं, एवढी एक ओळ टिपणात घाला. संचालकांच्या ओळखीचा विषय कसा लिहायचा, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. ऐकीव काही लिहू नका. खातं उघडताना शिफारस कोणी केली ते अर्जावर असेल, तर ती अर्जातली नोंद आहे तशी उतरवा आणि पुढे जा.

टिपण मॅनेजरच्या नजरेखालून जायला हवं, ही शाखेची शिस्त आहे. त्यांना आधी सांगा आणि ईमेल प्रिन्सिपल ऑफिसरला करताना त्यांना प्रत ठेवा. शंका अहवालात घालायची की नाही, हा निर्णय शाखेत होत नाही. तो प्रिन्सिपल ऑफिसरचा असतो. त्यांनी तपासून शंका बंद केली, तरी ती का बंद केली हे लिहून ठेवावं लागतं. शंका पक्की वाटली तर एसटीआर विनाविलंब पाठवायचा असतो, आणि मुदत उलटल्यावर उशिराचा प्रत्येक दिवस हा स्वतंत्र भंग मानला जातो.

आता खातेदाराला विचारण्याबद्दल, कारण इथे चांगली माणसं चुकतात. एरवी ग्राहकाला धंद्याबद्दल विचारणं, बिलं मागणं हे बँकेचं कामच आहे. पण शंका तयार झाल्यानंतर, विचारल्यामुळे माणूस सावध होईल असं वाटत असेल, तर रिझर्व्ह बँकेचा निर्देश स्पष्ट आहे: ती चौकशी पुढे न्यायची नाही, सरळ एसटीआर पाठवायचा. तुमच्या खात्यात दोन लाख जमले की पैसा लगेच बाहेर जातो. तुम्ही त्याला बोलावलंत तर दुसऱ्या दिवशी भरणा दुसऱ्या बँकेत सुरू होईल. कळवलेली माहिती गुप्त ठेवणं हे कायद्याने प्रत्येक कर्मचाऱ्यावर बंधन आहे. घरी बोलू नका, शाखेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अजिबात नाही. मुलगा स्लिप देताना ‘मॅडम, काही चौकशी आहे का?’ म्हणाला, तर नेहमीसारखी पावती द्या आणि पुढचा टोकन नंबर घ्या.

आणि खातं अडवू नका. हे पुष्कळांना विचित्र वाटतं. एसटीआर पाठवला म्हणून तेवढ्याच कारणाने खात्यावर निर्बंध घालायचे नाहीत, असा निर्देश आहे. पुढचं आरटीजीएस आलं तर कागद बरोबर असल्यास पास करा. खातं गोठवायचा आदेश तपास यंत्रणेकडून किंवा न्यायालयाकडून आला, तरच थांबवायचं. दरम्यानचा प्रत्येक व्यवहार मात्र प्रिन्सिपल ऑफिसरला कळवत राहा.

तुमच्यावर काय येईल, हा तुमचा शेवटचा प्रश्न. माहिती कळवली म्हणून बँकेवर, तिच्या संचालकांवर किंवा कर्मचाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होऊ शकत नाही, असं पीएमएलएचं कलम १४ सांगतं. उद्या खातेदार निर्दोष निघाला आणि बदनामीची भाषा करू लागला, तरी हे संरक्षण राहतं. न कळवणाऱ्याची स्थिती वेगळी आहे. कलम १३ खाली एफआययू-इंडचे संचालक लेखी ताकीद देऊ शकतात, ठरावीक काळाने अहवाल मागू शकतात आणि प्रत्येक चुकीसाठी १० हजार ते १ लाख रुपये दंड करू शकतात. हा दंड बँकेवर, तिच्या नियुक्त संचालकावर आणि कर्मचाऱ्यावरही होऊ शकतो. ‘प्रत्येक चुकीसाठी’ हे शब्द महत्त्वाचे. एक लाख ऐकून कुणाला काही वाटत नाही, पण चुका मोजायला लागले की आकडा झपाट्याने वाढतो. २०२४ मध्ये पेटीएम पेमेंट्स बँकेला याच कलमाखाली ५ कोटी ४९ लाखांचा दंड झाला. ऑनलाइन जुगारासारख्या बेकायदा धंद्यांतला पैसा तिथल्या खात्यांतून फिरल्याचं प्रकरण होतं. रिझर्व्ह बँकेचा दंड वेगळा, बँकिंग नियमन कायद्याखाली, आणि तो सहकारी बँकांनाही लागतो.

याहून गंभीर एक गोष्ट तुमच्या मॅनेजरसाहेबांच्या कानावर घाला, शांतपणे आणि एकांतात. अहवाल चुकणं आणि जाणूनबुजून मदत करणं यांत कायदा फरक करतो. गुन्ह्याच्या पैशाला जाणूनबुजून मदत करणारा स्वतःच कलम ३ च्या, म्हणजे मनी लाँडरिंगच्या, गुन्ह्यात येतो, आणि त्याला कलम ४ नुसार तीन ते सात वर्षं सक्तमजुरी आणि दंड आहे. आज ते म्हणू शकतात की लक्षात आलं नाही. तुमचं टिपण त्यांच्या टेबलावर पोचल्यानंतर ते तसं म्हणू शकणार नाहीत. मॅनेजर म्हणून तिथून पुढे पाठवण्यातच त्यांचं हित आहे. माझ्या अनुभवात बहुतेक मॅनेजर हे ऐकल्यावर स्वतःच टिपणावर सही करतात.

समजा ते तरीही नाही म्हणाले, तर प्रिन्सिपल ऑफिसरला थेट पाठवा. तुमच्या बँकेच्या केवायसी धोरणात शाखेने शंका कशी कळवायची याची पद्धत लिहिलेली असते. त्या परिच्छेदाचा हवाला द्या. प्रिन्सिपल ऑफिसरकडूनही उत्तर नाही, असं झालं तर समवर्ती लेखापरीक्षक पुढच्या भेटीला येतील तेव्हा ही फाईल त्यांच्यासमोर ठेवा. शंका कळवल्या जातात का हे बघणं त्यांच्या तपासणीतही येतं.

स्वतःसाठी पुरावा ठेवताना एक काळजी घ्या. खात्याचा उतारा, अर्ज किंवा स्लिपांचे फोटो मोबाईलवर काढून घरी नेऊ नका. ती ग्राहकाची गोपनीय माहिती आहे आणि तेवढ्यावरून तुमच्यावर वेगळी चौकशी लागू शकते. टिपणाचा जावक क्रमांक, तारीख आणि ईमेलची वेळ तुमच्या डायरीत लिहा. मूळ कागद बँकेत राहतात. व्यवहाराच्या नोंदी पाच वर्षं, आणि ओळखीचे कागद खातं बंद झाल्यावरही पाच वर्षं जपणं बँकेला बंधनकारक आहे, त्यामुळे ते लागतील तेव्हा सापडतील.

जूनचा सीटीआर गेला की नाही एवढं उद्या सकाळी विचारा. गेला नसेल, तर ती ओळही टिपणात जोडा.